कोणता नोड पडला की नेटवर्क तुटतं? ब्लॉक-कट ट्री वापरून शोध घेण्याची पद्धत

नेटवर्कचा नकाशा हातात आला की पहिला प्रश्न हाच असतो: यातलं एकच उपकरण बंद पडलं, तर बाकीच्यांपैकी कोण कोणापासून तुटेल? बहुतेक जण नकाशावर नजर फिरवतात आणि ज्या नोडला सर्वाधिक जोडण्या आहेत त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढतात. हा अंदाज कधी बरोबर निघतो, कधी साफ चुकतो. खाली दहा नोडचं एक छोटं नेटवर्क घेऊन हेच काम नीट पद्धतीने कसं करायचं ते पाहू. कागद-पेन्सिल घेऊन सोबत आकृती काढत गेलात तर जास्त सोपं जाईल.

नोडना क, ख, ग, घ, च, छ, ज, ट, ठ, ड अशी नावं देऊ. जोडण्या बारा आहेत. क, ख, ग यांचा त्रिकोण आहे. ग आणि घ यांच्यात एकच जोडणी आहे. घ, च, छ, ज यांचं चौकोनी कडं आहे: घ–च, च–छ, छ–ज, ज–घ. घ, ट, ठ यांचा आणखी एक त्रिकोण आहे. आणि ड हा फक्त छ ला जोडलेला आहे.

## ब्लॉक म्हणजे नेमकं काय

एखादा नोड काढून टाकल्यावर उरलेलं नेटवर्क तुकड्यांत विभागलं जात असेल, तर त्या नोडला कट व्हर्टेक्स म्हणतात. आर्टिक्युलेशन पॉइंट हे त्याचंच दुसरं नाव. एखादी जोडणी काढल्यावर तसं होत असेल तर ती ब्रिज. इथवर सगळं सरळ आहे.

नवशिक्यांचा गोंधळ पुढे होतो. बायकनेक्टेड घटक, म्हणजेच ब्लॉक, हा नोडचा गट आहे अशी समजूत करून घेतली की "घ नेमका कुठल्या गटात?" या प्रश्नावर गाडी अडते. म्हणून सुरुवातीपासून ब्लॉककडे जोडण्यांचा गट म्हणून पाहा. दोन जोडण्या एकाच साध्या चक्रात, म्हणजे कुठलाही नोड दोनदा न येणाऱ्या बंद वाटेत, येत असतील तर त्या एकाच ब्लॉकमधल्या. जी जोडणी कुठल्याच चक्रात नाही, तिचा एकटीचा ब्लॉक. या व्याख्येमुळे प्रत्येक जोडणी बरोबर एका ब्लॉकमध्ये जाते. नोड मात्र एकाहून जास्त ब्लॉकमध्ये असू शकतो, आणि जे नोड तसे असतात तेच कट व्हर्टेक्स.

आपल्या नेटवर्कचे पाच ब्लॉक पडतात:

- ब१: क, ख, ग
- ब२: ग, घ
- ब३: घ, च, छ, ज
- ब४: घ, ट, ठ
- ब५: छ, ड

ग दोन ब्लॉकमध्ये आहे, घ तीन आणि छ दोन. म्हणून कट व्हर्टेक्स तीन: ग, घ, छ. ब२ आणि ब५ हे एकेका जोडणीचे ब्लॉक आहेत, म्हणजे त्या दोन जोडण्या ब्रिज आहेत.

## डीएफएसने ब्लॉक शोधणं

दहा नोड असतील तर एकेक नोड झाकून डोळ्यांनी पाहता येतं. पण एक लाख नोड आणि दोन लाख जोडण्या असतील, तर प्रत्येक नोड काढून पूर्ण नेटवर्क पुन्हा चालायला सुमारे तीन हजार कोटी पावलं लागतील. जॉन हॉपक्रॉफ्ट आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत नेटवर्क एकदाच चालावं लागतं. पावलांची संख्या नोड आणि जोडण्यांच्या बेरजेच्या प्रमाणातच राहते.

पद्धत डेप्थ-फर्स्ट सर्चवर, म्हणजे डीएफएसवर उभी आहे. एका नोडपासून निघायचं, जमेल तितकं खोल जायचं, वाट संपली की मागे फिरायचं. प्रत्येक नोडसाठी दोन आकडे ठेवायचे. पहिला प्रवेश क्रमांक, म्हणजे त्या नोडवर आपण कितव्या क्रमाने पोहोचलो. दुसरा 'लो': या नोडपासून डीएफएसच्या झाडात खाली कितीही उतरून, शेवटी एकदाच मागे जाणारी जोडणी, म्हणजे ज्या जोडणीने आलो ती सोडून आधी भेटलेल्या नोडकडे नेणारी जोडणी, वापरून पोहोचता येणारा सगळ्यात लहान प्रवेश क्रमांक. मागे जाणारी जोडणी नसेल तर स्वतःचाच क्रमांक.

क पासून सुरुवात करू आणि शेजारी वर्णक्रमाने घेऊ. क, ख, ग, घ, च, छ, ज अशी वाट खोल जाते. ज वरून घ ला परत जोडणी आहे, म्हणून ज चा लो ४. मागे फिरून छ वर आल्यावर ड कडे जातो. तिथून पुढे वाट नाही. मग घ पर्यंत परतून ट आणि ठ.

| नोड | प्रवेश क्रमांक | लो |
|---|---|---|
| क | १ | १ |
| ख | २ | १ |
| ग | ३ | १ |
| घ | ४ | ४ |
| च | ५ | ४ |
| छ | ६ | ४ |
| ज | ७ | ४ |
| ड | ८ | ८ |
| ट | ९ | ४ |
| ठ | १० | ४ |

आता कसोटी. नोड *अ* वरून आपण *आ* या मुलाकडे गेलो आणि तिथलं सगळं संपवून परत आलो. *आ* चा लो हा *अ* च्या प्रवेश क्रमांकाइतका किंवा त्याहून मोठा असेल, तर *आ* च्या खालच्या कुणालाही *अ* ला टाळून वर जाता येत नाही. म्हणजे *अ* पाशी एक ब्लॉक पूर्ण झाला. ड चा लो ८ आणि छ चा क्रमांक ६, म्हणून छ पाशी ब्लॉक सुटतो. च चा लो ४ आणि घ चा क्रमांकही ४, तिथेही सुटतो. ज चा लो मात्र ४ आणि छ चा क्रमांक ६, म्हणून ज च्या बाजूने छ वर काहीच सुटत नाही. ज ला छ शिवाय घ चीही वाट आहे, हेच तो आकडा सांगतो.

ब्लॉकमध्ये नेमक्या कुठल्या जोडण्या आहेत हे कळायला, चालताना भेटलेली प्रत्येक जोडणी एका स्टॅकवर ठेवत जा. कसोटी लागू झाली की *अ*–*आ* ही जोडणी निघेपर्यंत वरून एकेक काढा. निघाल्या तेवढ्यांचा एक ब्लॉक. आपल्या चालीत आधी ब५ निघतो, मग ब३, ब४, ब२ आणि शेवटी ब१.

सुरुवातीच्या नोडला वेगळा नियम आहे. ख चा लो १ आणि क चा क्रमांक १, म्हणजे कसोटी लागू होते आणि ब१ बरोबर सुटतो, पण म्हणून क कट व्हर्टेक्स होत नाही. सुरुवातीचा नोड कट व्हर्टेक्स तेव्हाच, जेव्हा डीएफएसच्या झाडात त्याला एकाहून जास्त मुलं असतात. हा नियम राहून गेला की सुरुवातीचा नोड दर वेळी दोषी ठरतो. वेगळ्या नोडपासून पुन्हा चालवल्यावर यादी बदलत असेल, तर चूक इथेच आहे असं समजा.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांच्या हातून आणखी एक चूक वारंवार होते. मागे जाणारी जोडणी भेटली की समोरच्या नोडचा प्रवेश क्रमांक घ्यायचा असतो, त्याचा लो घ्यायचा नसतो. लो घेतला तर तुम्ही त्या नोडमधून पार होऊन आणखी वर गेलात असा अर्थ होतो. आणि "हा नोड पडला तर काय?" हेच तर आपण तपासत असतो. मग खरे कट व्हर्टेक्स यादीतून गळू शकतात.

## झाड बांधणं

आता ब्लॉक-कट ट्री. प्रत्येक ब्लॉकसाठी एक गाठ, प्रत्येक कट व्हर्टेक्ससाठी एक गाठ, आणि कट व्हर्टेक्स ज्या ज्या ब्लॉकमध्ये आहे त्या त्या ब्लॉकशी त्याची रेघ. आपल्याकडे ५ ब्लॉक आणि ३ कट व्हर्टेक्स, म्हणजे ८ गाठी. रेघा ७: ब१–ग, ग–ब२, ब२–घ, घ–ब३, घ–ब४, ब३–छ, छ–ब५. यात चक्र येऊच शकत नाही. आलं असतं तर त्या चक्रावरचे सगळे ब्लॉक मुळातच एक झाले असते.

पायथनमध्ये `networkx` वापरत असाल तर एवढं पुरतं:

```python
import networkx as nx

G = nx.Graph([
    ("क","ख"), ("ख","ग"), ("ग","क"), ("ग","घ"),
    ("घ","च"), ("च","छ"), ("छ","ज"), ("ज","घ"),
    ("घ","ट"), ("ट","ठ"), ("ठ","घ"), ("छ","ड"),
])

cuts = set(nx.articulation_points(G))
T = nx.Graph()
for i, block in enumerate(nx.biconnected_components(G)):
    T.add_node(i)
    for v in block & cuts:
        T.add_edge(i, v)
```

निकालावर विश्वास ठेवण्याआधी दोन हिशोब जुळवून पाहा. प्रत्येक ब्लॉकच्या नोडसंख्येतून एक वजा करून बेरीज करा: २+१+३+२+१ = ९. जोडलेल्या नेटवर्कमध्ये ही बेरीज एकूण नोडपेक्षा बरोबर एकने कमी येते. दुसरं, झाडातल्या गाठी वजा रेघा = १. दुसरा हिशोब चुकला आणि उत्तर १ पेक्षा मोठं आलं, तर नेटवर्क आधीच तुटलेलं आहे, किंवा यादीत एखाद्या नोडचं नाव दोन प्रकारे लिहिलं गेलं आहे. प्रत्यक्ष कामात हे दुसरं कारणच जास्त वेळा सापडतं. एकही जोडणी नसलेला नोड मात्र या फंक्शनच्या निकालात येतच नाही. तसे नोड वेगळे मोजा.

## नुकसान किती, हे झाडावरून वाचणं

कट व्हर्टेक्सची नुसती यादी मिळवून थांबू नका. यादीत ग, घ, छ सारख्याच मानाने बसलेले दिसतात. झाड त्यांच्यातला फरक दाखवतं.

प्रत्येक ब्लॉकच्या गाठीवर, त्यातल्या कट व्हर्टेक्स नसलेल्या नोडची संख्या लिहा: ब१ वर २, ब२ वर ०, ब३ वर २, ब४ वर २, ब५ वर १. कट व्हर्टेक्सच्या गाठीवर प्रत्येकी १. एकूण १० झाले की मोजणी बरोबर. आता झाडातून घ ची गाठ उचला. तीन फांद्या सुटतात. ब२ च्या बाजूला ०+१+२ = ३ नोड, ब३ च्या बाजूला २+१+१ = ४, ब४ च्या बाजूला २. उरलेल्या ९ नोडच्या एकूण ३६ जोड्यांपैकी ३×४ + ३×२ + ४×२ = २६ जोड्या एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ग पडला तर फांद्या २ आणि ७ च्या, म्हणजे १४ जोड्या तुटतात. छ पडला तर १ आणि ८, म्हणजे ८ जोड्या.

ग आणि छ या दोघांनाही तीन-तीनच जोडण्या आहेत, आणि नुकसान मात्र १४ आणि ८. जोडण्या मोजून लाल वर्तुळ काढण्याची पद्धत इथे उघडी पडते.

पण जोड्या मोजणं हेच योग्य माप आहे का, हे नेटवर्कच्या कामावर ठरतं. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं असेल तर हो. बऱ्याच नेटवर्कमध्ये मात्र सगळ्यांना एकाच ठिकाणी पोहोचायचं असतं: बाहेर जाणारी लाइन, मुख्य सर्व्हर, डेटाबेस. समजा बाहेरची लाइन क ला जोडलेली आहे. क आपल्या यादीत नाही, आणि तरीही तो पडला तर सगळ्यांचाच बाहेरचा संपर्क जातो. मग यादी खोटी ठरली का? नाही, नकाशा अपुरा होता. 'बाहेर' हा अकरावा नोड काढा आणि तो क ला जोडा. आता क आपोआप कट व्हर्टेक्स होतो.

यापुढे झाड 'बाहेर' पासून खाली लोंबतं आहे असं काढा आणि प्रत्येक कट व्हर्टेक्सच्या खाली किती नोड आहेत ते मोजा. स्वतः पडलेला नोड सोडून क खाली ९, ग खाली ७, घ खाली ६, छ खाली १. जोड्यांच्या मापाने घ सर्वांत धोक्याचा होता, या मापाने ग त्याच्या पुढे गेला. दुरुस्तीचा पैसा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी माप ठरवा, असं मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

## दुरुस्ती: कुठली जोडणी टाकायची

झाड पाहून नवी जोडणी निवडण्याचा नियम एका वाक्यात मावतो: नवी जोडणी झाडातल्या ज्या दोन जागा जोडते, त्यांच्यामधल्या वाटेवरचे सगळे ब्लॉक मिळून एक होतात.

आधी एक फसणारा उपाय पाहू. ग–घ ही ब्रिज धोक्याची दिसते, म्हणून तिच्याशेजारी ग–घ अशीच दुसरी जोडणी टाकली. आता एक तार तुटली तरी दुसरी आहे, ब्रिज गेली. पण झाड तसूभरही बदललं नाही. ग पडला तर दोन्ही तारा एकदम निरुपयोगी. ब्रिजची यादी रिकामी झाली म्हणून निर्धास्त होणारे बरेच असतात, आणि नोडची यादी तशीच राहिलेली असते. त्याऐवजी तीच नवी जोडणी ख–घ अशी टाकली असती, तर ब१ आणि ब२ एक झाले असते आणि ग यादीतून सुटला असता.

'बाहेर'चा नोड तूर्त बाजूला ठेवून मूळ दहा नोडकडे येऊ. सगळेच कट व्हर्टेक्स घालवायला कमीत कमी किती जोडण्या लागतील? १९७६ साली ईश्वरन आणि टार्जन यांनी याचं सूत्र दिलं. झाडाची टोकं, म्हणजे फक्त एका कट व्हर्टेक्सला लागलेले ब्लॉक, मोजा. आपल्याकडे ब१, ब४, ब५ अशी तीन. त्याचं अर्ध, वर पूर्ण करून, २. मग एक नोड काढल्यावर जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते पाहा: घ काढल्यावर ३. त्यातून १ वजा, २. या दोन्हींतला मोठा आकडा हे उत्तर. इथे दोन्ही २ आहेत, म्हणजे दोन जोडण्या हव्यात. सूत्र जोडलेल्या, किमान तीन नोडच्या आणि अजून बायकनेक्टेड नसलेल्या नेटवर्कला लागू आहे.

पहिली जोडणी क–ड टाका. ब१ पासून ब५ पर्यंतच्या वाटेवर ब२ आणि ब३ येतात, त्यामुळे चारही ब्लॉक एक होतात. ग आणि छ सुटले. उरला फक्त ब४, घ ला लटकलेला. दुसरी जोडणी ट–ख टाकली की तोही सामील. जोडणीची टोकं ब्लॉकच्या आतल्या नोडवर असली पाहिजेत, कट व्हर्टेक्सवर नाही. ट–घ वर आणखी एक तार टाकून काहीच मिळत नाही. ड–घ टाकली तर छ सुटतो, घ मात्र जागचा हलत नाही.

'बाहेर' चा विचार करायचा असेल तर गणित वेगळं आणि बरेचदा स्वस्त पडतं. समजा बाहेरची दुसरी एकच लाइन घेणं शक्य आहे. ती च ला दिली, तर 'बाहेर'–क, ब१, ब२, ब३ एक होतात. उरतात घ खाली २ नोड आणि छ खाली १. तीच लाइन ड ला दिली तर ब५ देखील वाटेवर येतो, आणि उरतो फक्त घ, त्याच्या खाली ट आणि ठ. सर्वाधिक नुकसान ९ वरून २ वर आलं, तेही एका लाइनने. झाडात 'बाहेर' पासून सगळ्यात लांब गेलेली फांदी गाठली, एवढंच.

## झाडाला न दिसणाऱ्या गोष्टी

झाड एका वेळी एकच नोड पडल्याचं उत्तर देतं. दोन एकदम पडले तर काय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची रचनाही वेगळी आहे. जोडण्यांना दिशा असेल, म्हणजे डेटा एकाच बाजूने जाऊ शकत असेल, तर दिशा पुसून हे गणित करू नका. तिथे डॉमिनेटर ट्री लागतं. वाट आहे म्हणजे ती वापरली जातेच असंही नाही. पर्यायी वाटेची क्षमता कमी असेल किंवा राउटिंग तिकडे वळत नसेल, तर कागदावरचा ब्लॉक प्रत्यक्षात तुटलेलाच असतो. म्हणून महत्त्वाच्या नोडसाठी ते उपकरण ठरवून बंद करून पाहण्याला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक नकाशात नसलेल्या सामायिक गोष्टींमुळे होते. ग–घ आणि क–ड या दोन तारा नकाशावर दूरदूर दिसतात, पण जमिनीखाली एकाच पाइपातून जात असतील तर एका खड्ड्यात दोन्ही तुटतात. च आणि ज एकाच विजेच्या बोर्डावर असतील तर दोघे एकदमच बंद होतात, आणि मूळ नेटवर्कमध्ये छ–ड हा तुकडा वेगळा पडतो. खरं तर च आणि ज यांपैकी एकही कट व्हर्टेक्स नाही. अशा वेळी पाइपासाठी एक खोटा नोड काढून दोन्ही तारा त्यातून नेण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्या नोडमधून एका तारेवरचा डेटा दुसऱ्या तारेवर जाऊ शकतो असा नकाशाचा अर्थ होतो, आणि खऱ्या कट व्हर्टेक्सवर पडदा पडतो. त्याऐवजी सामायिक गोष्टींची वेगळी यादी ठेवा, प्रत्येक गोष्टीसमोर तिच्यामुळे एकदम पडणारे नोड आणि जोडण्या लिहा, आणि तो गट काढून `nx.number_connected_components` किती येतं ते तपासा. अशा गटांची संख्या नोडच्या तुलनेत फार कमी असते, त्यामुळे सुरुवातीला टाकून दिलेली एकेक काढून पाहण्याची पद्धत इथे चालून जाते.